पत्राचं दुसरं पान

ग्रामपंचायतीच्या कारकुनाला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. त्याला सगळे ‘थोडक्यात’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटत नसे; उलट मनातून बरंच वाटे.

हे नाव त्याने कमावलेलं होतं. तो नवा नवा नोकरीला लागला तेव्हाच्या सरपंचांना बैठकीत डुलक्या येत. एकदा वरून आलेलं चार पानी परिपत्रक तो मोठ्याने वाचत होता. दुसऱ्या पानावर सरपंचांची मान छातीवर आली, तिसऱ्यावर ती दचकून वर झाली आणि ते खेकसले, ‘‘अरे बाबा, थोडक्यात सांग की!’’ त्याने घाबरत घाबरत चार पानांचं एका वाक्यात सांगितलं. सगळे सदस्य खूश झाले, चहा मागवला गेला, आणि त्या दिवसापासून पत्र पूर्ण वाचायची पद्धतच त्या कचेरीतून हद्दपार झाली. पुढची सव्वीस वर्षं पत्र आलं की तो ते आधी आपल्या टेबलावर नजरेखालून घालायचा, प्रत्येक पानावर आवक-शिक्का मारायचा, आणि बैठकीत उभा राहून म्हणायचा, ‘‘थोडक्यात सांगायचं तर...’’

त्याचा हातखंडाच होता तो. गटारावरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या सहा पानी तक्रारीचं त्याने केलं होतं, ‘‘थोडक्यात, दोघंही पाणी दुसऱ्याच्या दारात सोडतात.’’ स्वतःच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांचं लांबलचक पत्र आलं, तर आईला म्हणाला, ‘‘थोडक्यात, हो म्हणतायत.’’ बायको ते अजून ऐकवते. त्या पत्रात तिला भाजी चिरताना हाताला झालेल्या जखमेपासून तिच्या आवडीनिवडींपर्यंत सगळं लिहिलं होतं म्हणे, आणि यांना त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

पंचायतीची कचेरी म्हणजे एक लांबट खोली. एक लोखंडी कपाट, ज्याचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नसे. काच ठेवलेलं टेबल, काचेखाली जुन्या सदस्यांचे पिवळे पडलेले फोटो. बैठकीसाठी दोन बाकं. बाहेर ओटा. आणि त्या ओट्यावर रोज सकाळी दहाच्या ठोक्याला येऊन थांबणारी चाकाची खुर्ची.

त्या खुर्चीत दाजी असत. दाजी म्हणजे थोडक्यातच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रस्त्याच्या कामावर रोलर चालवला होता. उतरणीवर एकदा रोलर घसरला आणि कमरेखालचं सगळं गेलं. पण माणूस हिरमुसला नाही. दोन्ही हातांनी चाकं ढकलत घरापासून पंचायतीपर्यंतचा पाऊण किलोमीटर ते रोज यायचे. ओट्यावर चढायला पंचायतीने फळी टाकून दिली होती. तिथे बसून ते पेपर वाचत, येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेत आणि खिडकीतून बैठकीत नाक खुपसत. ते सदस्य नव्हते, पण त्यांचं मत विचारल्याशिवाय ठराव होत नसे.

गावाचा रस्ता दाजींच्या घरासमोरच्या सखल भागातून जायचा. पाऊस झाला की तिथे गुडघाभर पाणी. धडधाकट माणसं चपला हातात घेऊन जात. दाजी मात्र आठ-आठ दिवस घरात अडकत. रस्ता उंच करा म्हणून पंचायतीला पहिला अर्ज दिला तो दाजींनीच. पाच वर्षं त्यांनी त्या अर्जाचा पाठपुरावा केला. शेवटी काम मंजूर झालं, आणि एक दिवस साइटवरच्या इंजिनिअर मॅडमचं पत्र आलं.

मॅडम तरुण होत्या, किडकिडीत, डोक्यावर कायम मोठी टोपी. आठवडाभर त्यांनी दोन माणसं घेऊन रस्त्याची मापं घेतली होती. पत्र दोन पानी, नीटनेटकं, पहिल्या पानावर भरावाच्या छेदाची छोटी आकृतीसुद्धा काढलेली. वर अरुंद, खाली रुंद. शाळेत शिकलेला समलंब चौकोन.

थोडक्यातने ते बैठकीच्या दिवशी सकाळीच वाचायला घेतलं. पहिल्या पानावर आकडे होते. शेवटच्या आकड्याखाली मॅडमनी दोन रेघा मारल्या होत्या. त्याने दुसरं पान उलटलं. ‘तसेच’, ‘तथापि’, ‘कळविण्यात येते की’ असे शब्द दिसले, आणि सव्वीस वर्षांच्या सरावाने त्याची नजर त्यावरून घसरून सहीवर गेली. दोन्ही पानांवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, झालं.

बैठकीत तो उभा राहिला. ‘‘थोडक्यात सांगायचं तर, सहाशे मीटर रस्ता दोन मीटर उंच होणार. त्याला तेरा हजार आठशे घनमीटर माती लागणार. ती आपण गावच्या जागेतून द्यायची.’’

सरपंचबाई हिशोबाला पक्क्या. म्हणाल्या, ‘‘गायरानातून देऊ. पण सगळं गायरान उकरू द्यायचं नाही हं. निम्मं शाळेच्या मैदानासाठी ठेवायचंय. मोजून द्या.’’

‘‘मोजूनच देऊ,’’ थोडक्यात म्हणाला. त्याने तिथल्या तिथे गणित मांडलं. शंभर मीटर लांब, ब्याण्णव मीटर रुंद, दीड मीटर खोल. बरोब्बर तेरा हजार आठशे. सदस्यांनी माना डोलावल्या. टोपलंभरही जास्त नाही, असं ठरावात शब्दशः लिहायला लावलं.

तेवढ्यात खिडकीतून दाजींचा आवाज आला. ‘‘ए थोडक्यात, ही माती दाबलेली का सुटी?’’

‘‘माती ती माती, दाजी.’’ बैठकीत हशा झाला.

‘‘हसू नका रे. बाकी काय लिहिलंय पत्रात?’’

‘‘बाकी नेहमीचंच,’’ तो म्हणाला आणि पुढचं पत्र हातात घेतलं.

काम धूमधडाक्यात सुरू झालं. गायरानात चुन्याच्या रेघा पडल्या, ट्रकच्या रांगा लागल्या. रस्त्यावर वीतभर थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग त्यावर दुसरा थर. दाजी वेड्यासारखे खूश होते. पंचायतीत येताना आणि जाताना रोलरजवळ थांबत, चालवणाऱ्याला सूचना देत. तो बिचारा आधी वैतागला, मग हा माणूस काय बोलतो ते कळल्यावर स्वतःहून विचारायला लागला. भराव लांबच्या टोकाकडून दाजींच्या घराकडे सरकत येत होता.

आणि दाजींच्या घराच्या अलीकडे तो थांबला.

खड्डा संपला होता. रेघेपर्यंत, दीड मीटर खोल, एक ढेकूळ शिल्लक नाही. आणि सहाशेपैकी साठ मीटर भराव व्हायचा बाकी होता. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे ट्रकवाल्यांनी माती परस्पर विकली, कुणी म्हणे मॅडमना गणित येत नाही. सरपंचबाईंनी मॅडमना बोलावून घेतलं. थोडक्यात त्या दिवशी चांगलाच तोऱ्यात होता, कारण त्याचा आकडा पत्रातला होता आणि खड्डा आकड्याप्रमाणे होता.

मॅडम आल्या. टोपी काढून टेबलावर ठेवली. सरपंचबाईंनी जरा चढ्या आवाजात विचारलं, ‘‘तेरा हजार आठशे म्हणालात, तेवढी दिली. मग कमी कशी पडली?’’

‘‘तेरा हजार आठशे दाबल्यावर,’’ मॅडम शांतपणे म्हणाल्या. ‘‘जमिनीतून काढलेली माती रोलरखाली दबते. शंभर घनमीटर खणली तर भरावात नव्वदच भरते. म्हणून तर सव्वापंधरा हजारांच्या वर खणावी लागेल असं लिहिलं होतं ना मी.’’

‘‘आम्हाला असं काही कळवलं नाही तुम्ही.’’

मॅडमनी थोडक्यातकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तो उठला, कपाटाला लाथ घातली, फाईल काढली. आत पत्र होतं. दोन पानं. दुसऱ्या पानावर, कोपऱ्यात, जरा तिरका, त्याचाच शिक्का.

पान आलंच नाही असं म्हणायची सोय त्या शिक्क्याने ठेवली नव्हती. खरं सांगायचं तर त्याच्या मनात ते येऊन गेलं होतं, फाईल उघडेपर्यंत. त्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

‘‘मी हे पान वाचलं नाही,’’ तो म्हणाला.

सरपंचबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘थोडक्यात, चूक आपली.’’ कुणी हसलं नाही.

मॅडम चांगल्या होत्या. गायरानाचा उरलेला भाग तोपर्यंत कुंपण घालून शाळेच्या ताब्यात गेला होता, तिथे हात लावता येत नव्हता. त्यांनी वरिष्ठांशी भांडून चौदा किलोमीटरवरच्या दुसऱ्या कामावरची माती आणायचं ठरवलं, साठ मीटरपुरती. निघताना टोपी घालता घालता त्या म्हणाल्या, ‘‘आणि रॅम्पचं काही कळवलं नाहीत तुम्ही. मला वाटलं, नको असतील.’’

‘‘कसले रॅम्प?’’ थोडक्यातने विचारलं.

त्या संध्याकाळी तो पत्र घेऊन ताईच्या घरी गेला. दाजी दारातच खुर्चीत बसले होते. ओट्यावरून त्यांनी सगळं ऐकलं होतं, त्यामुळे सांगायला काही उरलं नव्हतं. ताईने पाणी दिलं आणि आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘‘आणलंस?’’ दाजी म्हणाले. ‘‘वाच आता. पहिल्यापासून.’’

तो वाचू लागला. नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर प्रथमच तो कुणापुढे एखादं पत्र अथपासून इतिपर्यंत वाचत होता.

‘‘माननीय सरपंच व सदस्य यांस. विषय, रस्त्याच्या भरावासाठी लागणाऱ्या मातीचा अंदाज. महोदय, सदर भरावाची लांबी सहाशे मीटर, उंची दोन मीटर व माथ्याची रुंदी साडेसात मीटर आहे. दोन्ही बाजूंचा उतार दर मीटर उंचीला दोन मीटर असल्याने पायथ्याची रुंदी साडेपंधरा मीटर होते. माथा व पायथा यांची सरासरी साडेअकरा, गुणिले उंची दोन, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ तेवीस चौरस मीटर. त्यास लांबीने गुणता भरावाचे घनफळ तेरा हजार आठशे घनमीटर.’’

‘‘बरोबर,’’ दाजी डोळे मिटून म्हणाले. ‘‘पुढं?’’

त्याने पान उलटलं.

‘‘तथापि, हे माप रोलरने दाबून बसविलेल्या भरावाचे आहे. येथील मातीची चाचणी पाहता खाणीतून सुमारे पंधरा हजार तीनशे घनमीटर माती काढावी लागेल. तसेच, या अंदाजात रस्त्यालगतच्या घरांसाठी चढउताराचे रॅम्प धरलेले नाहीत. भराव झाल्यावर ही घरे रस्त्यापासून दोन मीटर खाली जातील. बाराला एक असा सौम्य चढ ठेवल्यास प्रत्येक रॅम्पला सुमारे शंभर घनमीटर जादा भराव लागेल. पाहणीच्या वेळी एका घरात चाकाची खुर्ची वापरणारे गृहस्थ असल्याचे दिसून आले. तरी रॅम्पची मागणी पंधरा दिवसांत लेखी कळविल्यास मंजूर अंदाजपत्रकात त्याचा समावेश करता येईल. नंतर तसे करणे शक्य होणार नाही. कळावे.’’

घरासमोर भरावाचं अर्धवट टोक उभं होतं, त्याच्या मातीवर उन्हाचा शेवटचा पट्टा होता.

‘‘पोरगी हुशार आहे,’’ दाजी म्हणाले. ‘‘माझी खुर्चीसुद्धा लिहिली बघ तिनं.’’

‘‘दाजी, माझं चुकलं.’’

‘‘चुकलंच की,’’ दाजी म्हणाले. तेही शांतपणे. ‘‘चल, आता अर्ज लिही. मी सांगतो तसा. आणि थोडक्यात नको.’’

अर्ज गेला. तीन आठवड्यांत साठ मीटर भराव झाला, आणि दाजींच्या दारासमोर मातीची भिंत उभी राहिली. माथ्यावरून जाणाऱ्या माणसांचे पाय आणि ट्रकची चाकं, एवढंच घरातून दिसे. गावाला रस्ता झकास झाला. पाणी आता कुणाला अडवत नव्हतं. ज्याने रस्ता मागितला तो एकटाच अडकला.

ताईने आणि शेजाऱ्यांनी दोनदा खुर्ची उचलून वर नेली. दुसऱ्यांदा एकाचा पाय घसरला आणि दाजी खुर्चीसकट कलंडले. त्यानंतर त्यांनीच नको म्हटलं. ‘‘मला गोणीसारखं उचलून नेऊ नका. चाकावर येईन तेव्हा येईन.’’

थोडक्यातने मग एक वेडेपणा केला. ढकलगाडी घेऊन, जुन्या विहिरीच्या मातीचा ढीग आणून तो स्वतःच भरावाला लगटून रॅम्प घालायला बसला. सकाळी कचेरीच्या आधी दोन तास, रोज. बायकोही येऊन टोपली उचलू लागे. दाजी दारातून बघत आणि डोकं हलवत. ‘‘अरे, जुन्या उतारावर नुसती माती टाकून टिकते का? आधी उताराला पायऱ्या पाडाव्या लागतात, म्हणजे नवी माती जुनीत रुतते. आणि दाबणार कशानं, तुझ्या चपलेनं?’’ त्याने पायऱ्या पाडायचा प्रयत्न केला, माती ठोकायला धुमसही मारला. एका पावसात सगळा चिखल दाजींच्या अंगणात आला. ताईने तो दोन दिवस खरडून काढला.

मग तो एवढंच करू लागला की रोज कचेरी सुटल्यावर दिवसभराची सगळी पत्रं दाजींकडे न्यायची आणि पूर्ण वाचून दाखवायची. वरची तारीख, खालची सही, प्रत माहितीसाठी कुणाकुणाला, सगळं. दाजी मध्येच टोकत, हसत, कधी ऐकता ऐकता झोपत. झोपले तरी तो थांबत नसे. बैठकीतही आता तो पत्र पूर्ण वाचायचा. सदस्य जांभया देत, कुणी म्हणे, ‘‘अहो, थोडक्यात सांगा ना!’’ तो मान वर न करता पुढची ओळ वाचे. गावाने त्याचं नाव मात्र बदललं नाही.

रॅम्पचं उत्तर यायला सात महिने लागले. त्याआधीच दाजींना छातीत कफ झाला. डॉक्टर भरावावर गाडी उभी करून, पिशवी सांभाळत, उतारावरून बसत बसत खाली आले. इथे ठेवू नका, म्हणाले. दाजी जायला तयार झाले नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी, थोडक्यात पाणीपुरवठ्याचं एक रटाळ पत्र वाचत असताना, ते गेले. त्याला वाटलं, झोपलेत. त्याने पत्र शेवटपर्यंत वाचलं.

दाजींना खांद्यावर घेऊन चौघं निघाले तेव्हा पुढचा उजवा खांदा त्याचा होता. दोन मीटरचा उतार. सुकलेली माती पायाखालून भसाभस निसटत होती. वरून दोघांनी हात दिला, खालून दोघांनी टेकू दिला, आणि थोडक्यात एक गुडघा टेकून, एका हाताने गवत धरून, कसाबसा वर आला. चाकावर येईन तेव्हा येईन, असं म्हणालेला माणूस असा वर आला. थोडक्यात तिथेच, भर रस्त्यात, खांद्यावरचं ओझं न उतरवता, लहान मुलासारखा रडला.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. मॅडमचंच. रॅम्पला पूरक मंजुरी मिळाली होती. त्याने ते बैठकीत पूर्ण वाचलं. सरपंचबाईंनी घसा खाकरून विचारलं, ‘‘आता... हवाय का तो?’’ ओट्याकडे कुणी पाहिलं नाही. तिथली फळी अजून तशीच होती.

तो ताईला विचारायला गेला. ताई तांदूळ निवडत होती. त्या सबंध काळात ती त्याला उणा शब्द बोलली नव्हती. ताटातले खडे बाजूला काढत ती म्हणाली, ‘‘बांधा. पुढच्याला तरी होईल.’’

काम तीन दिवसांचं. जुन्या उताराला पायऱ्या पाडल्या, थर पसरले, पाणी मारलं, छोटा रोलर फिरला. मॅडम स्वतः उभ्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी टोपी काढली आणि ताईच्या दाराकडे बघून घेतलं. चोवीस मीटर चढ, वर चार मीटर सपाट. शंभरातले चार घनमीटर उरलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी थोडक्यात कचेरीत लवकर गेला. कुणी आलं नव्हतं. त्याने कपाटाला लाथ घालून फाईल काढली, जुनं पत्र काढलं, दुसरं पान समोर धरलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते मोठ्याने वाचलं. ‘तथापि’पासून ‘कळावे’पर्यंत, घाई न करता, बैठकीत वाचावं तसं.

बावन्न सेकंद लागले.